एका फोनमध्ये दोन सिम: कॉल जुन्या नंबरवरून, नेट दुसऱ्या नंबरवरून

दुसरं सिम घातलं, 'मोबाइल डेटा' त्या सिमवर केला, झालं काम, असं समजून बहुतेक जण फोन खिशात टाकतात. मग आठवड्याभरात तक्रारी सुरू होतात. नव्याच नंबरवरून व्यापाऱ्यांना फोन जातात, जुन्या सिमचा बॅलन्स आपोआप उडतो, पैसे पाठवायचं ॲप 'नंबर जुळत नाही' म्हणतं. फोन बिघडलेला नसतो. फोनमध्ये कॉल, मेसेज आणि नेट यांची सेटिंग वेगवेगळी असतात आणि चौथं एक बटण त्या तिघांच्या खाली लपलेलं असतं. चारही ठरवल्याशिवाय काम पुरं होत नाही.

या लेखात एकच प्रकार घेतो, कारण सोलापुरात मला तोच सगळ्यात जास्त दिसतो. जुना नंबर वर्षानुवर्षांचा आहे, बिलबुकावर छापलेला आहे, बँकेत तोच आहे, म्हणून तो सोडता येत नाही. पण त्या कंपनीचं नेट कारखान्यात चालत नाही किंवा महाग पडतं, म्हणून नेटसाठी दुसरं सिम. आमच्या ओळखीतले एक अण्णा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतात. त्यांचा फोन मी तीन वेळा लावून दिला. पहिल्या दोन वेळा माझंच चुकलं होतं. त्यामुळे उदाहरण त्यांचंच देतो.

पुढे जुन्या नंबराला 'बोलायचं सिम' आणि दुसऱ्याला 'नेटचं सिम' म्हणतो.

## तयारी: सिम घालण्याआधी

१. बँकेचा नंबर कोणता ते नक्की करा. बँक खातं, आधार, गॅस आणि व्हॉट्सॲप ज्या नंबरावर आहे, तेच बोलायचं सिम. यात तडजोड करू नका. नेटच्या सिमचा नंबर शक्यतो कुणालाच देऊ नका. त्याचं कारण पुढे येईल, आणि अण्णांना ते महागात पडलं होतं.

२. रिचार्ज आधी जुळवा. बोलायच्या सिमवर रोज दीड-दोन जीबी डेटा असलेला पॅक मारत राहिलात, तर दुसरं सिम घेण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेला निदान एक पॅक ठेवायला सांगितलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल अशी मोकळीक दिली. बोलायच्या सिमसाठी असाच पॅक घ्या. दुकानदार बहुतेक वेळा डेटावाला पॅकच पुढे करतो, म्हणून 'नेट नको, फक्त कॉल-एसएमएसचा' असं स्पष्ट सांगा. पॅकमध्ये एसएमएस आहेत ना, हेही पाहून घ्या. ते का लागतात हे टप्पा ६ मध्ये कळेल.

नेटच्या सिमवर नुसतं डेटा व्हाउचर मारून भागेल असं धरून चालू नका. बहुतेक व्हाउचर मूळ पॅक चालू असेल तरच चालतात. मूळ पॅक संपला की त्यावरचा डेटाही अडकतो.

३. नेटवर्क जिथे लागतं तिथे पाहा. घर जुळे सोलापुरात आणि दिवसाचे दहा तास एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, अशी स्थिती असेल तर घरी आलेल्या वेगाला काही किंमत नाही. पत्रा सिग्नल अडवतो. शेडच्या दारात चार दांड्या आणि मागांच्या मधोमध एक, असं सहज होतं. ज्या कंपनीचं सिम घ्यायचं आहे ते कुणाकडून तासभर मागून घ्या, जिथे बसता तिथे उभं राहून एक व्हिडिओ लावा आणि एक मोठा फोटो पाठवून पाहा. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास ही तपासणी करू नका. त्या गर्दीत सगळ्यांचंच नेट रांगतं.

> थांबा आणि तपासा: बोलायच्या सिमचा पॅक चालू आहे का? त्यात एसएमएस आहेत का? नेटच्या सिमवर मूळ पॅक आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा.

## टप्पा १: सिम कुठे घालायचं

ट्रे बाहेर काढून पाहा. काही फोनमध्ये दोन सिम आणि मेमरी कार्ड अशा तीन जागा असतात. काहींमध्ये दुसरी जागा सिमची किंवा मेमरी कार्डची, दोन्हींपैकी एकाचीच असते. तसं असेल तर कार्डातले फोटो आधी फोनमध्ये उतरवून घ्या.

अलीकडच्या फोनमध्ये कुठलं सिम कुठल्या जागेत हे फारसं महत्त्वाचं नाही. काही जुन्या फोनमध्ये मात्र दुसऱ्या जागेला फक्त टूजी मिळतं. अशा फोनमध्ये नेटचं सिम पहिल्या जागेतच हवं. एक गोष्ट आणखी लक्षात ठेवा: जिओचं टूजी-थ्रीजी जाळंच नाही, त्याचे कॉलही फोरजीवरूनच जातात. त्यामुळे जिओचं सिम अशा टूजीवाल्या जागेत घातलं तर नेट तर नाहीच, कॉलही लागणार नाही.

ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच बसणारं सिम, करायचं असेल तर ते शक्यतो नेटच्या नंबराचं करा. बँकेच्या नंबराचं सिम बदललं किंवा ई-सिम केलं की त्या नंबरावरचे एसएमएस सुरक्षेसाठी २४ तास बंद राहतात. त्या दिवशी ओटीपी येणार नाही. ज्या दिवशी सुताचे पैसे द्यायचे असतील तो दिवस यासाठी निवडू नका.

## टप्पा २: सिमला नावं द्या

लोक हा टप्पा सोडतात आणि पुढच्या निम्म्या चुका इथूनच निघतात. फोन दोन्ही सिमना SIM 1 आणि SIM 2 म्हणतो. सहा महिन्यांनी कोण कुठलं हे तुम्हालाही आठवत नाही. सेटिंगमध्ये प्रत्येक सिमवर टिचकी मारली की नाव बदलता येतं. एकाला 'बोलणं' आणि दुसऱ्याला 'नेट' लिहा. कंपनीचं नाव लिहू नका, कारण उद्या नंबर पोर्ट केला तर ते नाव खोटं ठरेल.

सेटिंग कुठे सापडेल ते असं:

- सॅमसंग: `Settings` → `Connections` → `SIM manager`
- शाओमी, रेडमी: `Settings` → `SIM cards & mobile networks`
- पिक्सेल, मोटोरोला यांसारखे साधे अँड्रॉइड: `Settings` → `Network & internet` → `SIMs`
- आयफोन: `Settings` → `Mobile Service`

तुमच्या फोनमध्ये शब्द थोडे वेगळे असतील तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत `SIM` लिहा, ते पान येईल.

## टप्पा ३: कॉल, मेसेज, नेट

त्याच पानावर तीन ओळी दिसतील. त्या याच क्रमाने भरा.

पहिली, `Calls`. इथे 'बोलणं' निवडा. बऱ्याच फोनमध्ये `Ask every time`, म्हणजे 'दर वेळी विचार', असाही पर्याय असतो. सुरुवातीला तो सोयीचा वाटतो. पण घाईत बोट चुकीच्या सिमवर पडतं आणि तुमचा नेटचा नंबर गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये जाऊन बसतो. मग तो त्यावरच उलट फोन करायला लागतो. आयफोनमध्ये हीच ओळ `Default Voice Line` नावाने असते.

दुसरी, `Messages` किंवा `Texts`. इथेही 'बोलणं'. मेसेज कोण पाठवतं आता, म्हणून लोक याकडे पाहतही नाहीत. पण बँकेची ॲप तुमच्या वतीने एसएमएस पाठवतात.

तिसरी, `Mobile data`. इथे 'नेट'.

एवढं करूनही काही लोकांना कॉल दुसऱ्याच सिमवरून जातात. कारण बरेच फोन 'या माणसाला मागे कुठल्या सिमवरून फोन लावला होता' हे लक्षात ठेवतात आणि मूळ सेटिंग बाजूला ठेवून तेच सिम वापरतात. आयफोनही असंच करतो. अण्णांच्या सुताच्या व्यापाऱ्याला असाच महिनाभर नेटच्या सिमवरून फोन जात होता. त्या माणसाचा कॉन्टॅक्ट उघडा, सिमची निवड असेल तिथे 'बोलणं' करा. तशी सोय नसेल तर त्याची जुनी कॉल-नोंद पुसा आणि नंबर हाताने डायल करून एकदा लावा.

> तपासा: घरातल्या दुसऱ्या फोनवर कॉल लावा. तिथे जुना नंबर दिसला पाहिजे. एक साधा एसएमएस पाठवून तोही कुठल्या नंबरावरून आला ते पाहा.

## टप्पा ४: बॅलन्स खाणारं बटण

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

बहुतेक फोनमध्ये सिम दोन असली तरी बोलण्या-पाठवण्याची खरी यंत्रणा दोघांत एक असते. दोन्ही सिम नेटवर्कवर जागी राहतात, पण एका वेळी काम एकच करतं. बोलायच्या सिमवर कॉल सुरू झाला की नेटच्या सिमचं नेट थांबतं. कॉल संपला की ते पुन्हा सुरू होतं. काही महागड्या फोनमध्ये दोन्ही सिम एकदम चालतात, पण तुमचा फोन तसा आहे हे गृहीत धरू नका.

या अडचणीवर फोन कंपन्यांनी एक उपाय दिला आहे. कॉल चालू असताना नेट तात्पुरतं कॉल असलेल्या सिमवरून चालवायचं. सॅमसंगमध्ये त्याला `Auto data switching`, साध्या अँड्रॉइडमध्ये `Automatic data switching` आणि आयफोनमध्ये `Allow Mobile Data Switching` म्हणतात. काही फोनमध्ये नेटच्या सिमचा सिग्नल पडला तरी हेच बटण नेट दुसऱ्या सिमवर नेतं.

दोन्ही सिमवर डेटा असेल तर हे बटण फार चांगलं. पण आपण बोलायच्या सिमवर मुद्दाम डेटा घेतलेला नाही. मग त्या सिमवर नेट गेलं की कंपनीच्या दराप्रमाणे एक तर नेट चालतच नाही, नाहीतर मेन बॅलन्समधून पैसे कटतात. अण्णांनी फोन माझ्यापुढे धरून विचारलं होतं, "नेट दुसऱ्यावर आहे की ओ, मग ह्याचा बॅलन्स कुठं गेला?" मेन बॅलन्स पन्नास रुपयांचा होता, तो तीन दिवसांत संपला. दिवसभरात त्यांना वीसेक कॉल येतात. प्रत्येक कॉलच्या वेळी मागे व्हॉट्सॲपचे फोटो आणि ईमेल जुन्या सिमवरून उतरत होते. मी पहिल्यांदा फोन लावला तेव्हा `Mobile data` बदललं आणि हे बटण पाहिलंच नव्हतं.

आता ठरवायचं कसं?

- बोलायच्या सिमवर डेटा नाही: बटण बंद. कॉलच्या वेळी नेट थांबेल, ते मान्य करायचं.
- कॉलच्या वेळीही नेट लागतंच: बोलायच्या सिमवर थोडा डेटा ठेवा आणि बटण चालू. मात्र हा डेटा लवकर संपतो. महिनाभर पुरेल असं धरू नका.
- कारखान्यात वायफाय आहे: बोलायच्या सिमचं वायफाय कॉलिंग चालू करा. कॉल वायफायवरून जातो, फोनचं बाकीचं नेटही वायफायवरच असतं, त्यामुळे भांडण उरत नाही.

अण्णांच्या मुलाचा लॅपटॉप त्यांच्याच फोनच्या हॉटस्पॉटवर चालायचा. त्यावर तो जीएसटीची बिलं टाकायचा आणि वडिलांना फोन आला की त्याचं पान अर्ध्यात अडकायचं. तिथे आम्ही सेटिंगशी झगडलो नाही. घरात पडून असलेल्या एका जुन्या फोनमध्ये वेगळं सिम घालून तो हॉटस्पॉटसाठी टेबलावर ठेवला. बापाच्या फोनच्या नेटवर लेकाचं काम चालवायची व्यवस्थाच मुळात चुकीची होती.

> सावध: फोनचं मोठं अपडेट आलं की हे बटण कधीकधी पुन्हा चालू झालेलं सापडतं. अपडेटनंतर एकदा पाहून घ्या.

## टप्पा ५: नेट खरंच त्या सिमवर येतंय का

बोलायच्या सिमचं `VoLTE`, म्हणजे फोरजीवरून कॉल करायची सोय, चालू आहे याची खात्री करा. ते बंद असेल तर जिओ सोडून बाकी कंपन्यांचं सिम कॉलच्या वेळी टूजीवर उतरतं, आवाज खराब येतो आणि कॉल जोडायला वेळ लागतो. आयफोनमध्ये ते प्रत्येक सिमच्या आत असतं. अँड्रॉइडमध्ये मोबाइल नेटवर्कच्या पानावर दोन्ही सिमसाठी वेगवेगळं बटण असतं.

नेटचं सिम पूर्ण सिग्नल दाखवतं पण पान उघडत नाही, असं झालं तर दोष बहुतेक एपीएनमध्ये असतो. एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव. नवं सिम घातल्यावर ते आपोआप भरलं जातं, पण जुन्या फोनमध्ये किंवा पोर्ट केलेल्या नंबरावर कधीकधी मागच्या कंपनीचं नाव राहून जातं. `Access Point Names` हे पान उघडून, नेटच्या सिमखाली, हे पाहा:

```
Jio     jionet
Airtel  airtelgprs.com
BSNL    bsnlnet
```

दुसरंच काही असेल तर नवं एपीएन जोडून तेच निवडा, सेव्ह करा आणि फोन बंद करून चालू करा. बोलायच्या सिमच्या एपीएनला हात लावू नका.

> तपासा: वायफाय बंद करा. पाच मिनिटं एक व्हिडिओ चालवा. मग सेटिंगमधलं डेटा वापराचं पान उघडा. 'नेट' सिमचा आकडा वाढलेला आणि 'बोलणं' सिमचा जिथल्या तिथे असला पाहिजे.

## टप्पा ६: व्हॉट्सॲप आणि पैशांची ॲप

व्हॉट्सॲप. नवं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप कधीकधी विचारतं की नंबर बदलला का. उत्तर 'नाही'. व्हॉट्सॲपचा नंबर आणि नेटचं सिम यांचा संबंध नाही. नंबर जुना राहतो, मेसेज नेटच्या सिमच्या डेटावरून जातात. एका दुकानात सिम घालून देताना पोराने अण्णांचं व्हॉट्सॲप नव्या नंबरावर चढवून दिलं. मग व्यापाऱ्यांना कळेना की हा कोण नवा माणूस. सगळं पूर्ववत करायला आमची एक संध्याकाळ गेली. म्हणून फोन दुकानदाराच्या हातात देताना सांगा, 'सिम घाला, व्हॉट्सॲपला हात लावू नका.'

बोलायचं सिम फोनमधून काढून घरी ठेवण्याचा विचारही करू नका. सिम फोनमध्येच हवं.

यूपीआय. पैशांचं ॲप पहिल्यांदा, किंवा फोन बदलल्यावर, तुमच्या सिममधून एक एसएमएस पाठवून नंबर ओळखतं. तो एसएमएस बँकेच्या नंबरावरूनच जावा लागतो. ॲप विचारतं 'कुठलं सिम?' आणि तिथे 'बोलणं' निवडायचं. लोकांना वाटतं ॲप नेटवर चालतं म्हणजे नेटचं सिम निवडायचं, आणि मग नोंदणी फसते. पॅकमध्ये एसएमएस नसतील आणि मेन बॅलन्सही शून्य असेल तर योग्य सिम निवडूनही ती फसते, आणि कारण स्क्रीनवर नीट लिहिलेलं नसतं. नोंदणी दोनदा फसली तर तिसऱ्यांदा न दाबता आधी बोलायच्या सिमवरून कुणालाही एक साधा एसएमएस पाठवा. तो गेला नाही तर दोष ॲपमध्ये नाही, रिचार्जमध्ये आहे.

## टप्पा ७: 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येऊ नये म्हणून

सिम दोन आणि यंत्रणा एक याचा दुसरा परिणाम असा. तुम्ही नेटच्या नंबरावर बोलत असाल, तर त्या वेळात जुन्या नंबरावर फोन करणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं. कॉल वेटिंग एकाच सिमच्या दोन कॉलपुरतं असतं, ते दुसऱ्या सिमला मदत करत नाही.

नेटचा नंबर कुणाला देऊ नका असं वर म्हणालो ते याचसाठी. अण्णांच्या नेटच्या नंबरावर एकदा कर्ज देणाऱ्यांचा फोन आला, त्यांनी तो उचलून सहा-सात मिनिटं वाद घातला. तेवढ्या वेळात हैदराबादच्या गिऱ्हाइकाने जुन्या नंबरावर दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा 'बाहेर' ऐकलं. नंतर त्याने दुसऱ्याकडून माल उचलला. नेटच्या सिमवर अनोळखी फोन आला तर उचलू नका. हा सगळ्यात सोपा उपाय.

पक्का उपाय हवा असेल तर जुन्या नंबरावर 'संपर्क होत नसेल तेव्हा' कॉल नेटच्या नंबराकडे वळवायचा. सॅमसंगमध्ये फोन ॲपच्या तीन टिंबांतून `Settings` → `Supplementary services` → `Call forwarding`. गूगलच्या फोन ॲपमध्ये `Settings` → `Calling accounts` → सिम → `Call forwarding`. तिथे चार प्रकार दिसतात. त्यांपैकी फक्त `Forward when unreachable` किंवा `When unreachable` यात नेटचा नंबर भरा. `Always forward` ला हात लागला तर जुन्या सिमवरचे सगळेच कॉल नेटच्या सिमवर यायला लागतील आणि तुम्ही दोन दिवस कारण शोधत बसाल.

यामुळे तुम्ही नेटच्या नंबरावर बोलत असलात तरी जुन्याचा कॉल तिथे दुसरा कॉल म्हणून वाजेल, पण त्यासाठी नेटच्या सिमचं कॉल वेटिंग चालू हवं. कॉल वळायला काही सेकंद उशीर होतो. शेडमध्ये जुन्या सिमची रेंज पूर्ण गेली तरी कॉल येतो, हा वरचा फायदा. वळवलेला कॉल जुन्या सिमचा बाहेर जाणारा कॉल धरला जातो, म्हणून त्या सिमवर अमर्याद कॉलचा पॅक असेल तरच हे करा.

आयफोनच्या सेटिंगमध्ये फक्त सरसकट कॉल वळवण्याची सोय आहे. तिथे हे सोडून द्या.

> सावध: फोनवरून कुणी `*401#` आणि पुढे एखादा नंबर डायल करायला सांगितला तर करू नका. त्याने तुमचे कॉल आणि त्यावर येणारे ओटीपी त्याच्याकडे वळतात. याच फसवणुकीमुळे दूरसंचार खात्याने कोड डायल करून कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली. आपण करतो आहोत ते फोनच्या सेटिंगमधून आणि स्वतःच्याच नंबरावर. काही उलटसुलट झालं तर जुन्या सिमवरून `##002#` डायल करा, वळवलेलं सगळं रद्द होतं.

## शेवटची चाचणी

हे काम रात्री घरी करू नका. जिथे दिवस जातो तिथे, म्हणजे अण्णांच्या बाबतीत शेडमध्ये, दुसरा माणूस आणि दुसरा फोन जवळ ठेवून करा. दहा मिनिटं पुरतात.

1. बोलायच्या सिमचा मेन बॅलन्स बघून कागदावर लिहा.
2. वायफाय बंद करून एक पान उघडा. उघडलं पाहिजे.
3. दुसऱ्या माणसाला फोन लावा. त्याच्याकडे जुना नंबर दिसला पाहिजे.
4. कॉल चालू ठेवून तुमच्या फोनवर दुसरं पान उघडायचा प्रयत्न करा. टप्पा ४ चं बटण बंद असेल तर उघडायला नको. उघडलं तर बटण कुठेतरी चालू राहिलं आहे, किंवा तुमच्या फोनमध्ये दोन्ही सिम एकदम चालतात. कुठलं खरं ते बॅलन्स आणि डेटा वापराचं पान सांगेल.
5. कॉल ठेवा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा पान उघडा. नेट परत आलं पाहिजे. येत नसेल तर विमान मोड चालू करून बंद करा. दर कॉलनंतर असं करावं लागत असेल तर नेटच्या सिमचा एपीएन पुन्हा पाहा.
6. आता नेटच्या नंबरावर कॉल घ्या आणि तिसऱ्या कुणाला जुन्या नंबरावर फोन करायला सांगा. वळवणं लावलं असेल तर दुसरा कॉल वाजला पाहिजे.
7. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेन बॅलन्स पुन्हा पाहा. कागदावरचा आकडा आणि हा आकडा एक असेल तर सेटिंग बरोबर.

आकडा कमी झालेला असेल तर क्रमाने टप्पा ४ चं बटण, टप्पा ३ ची `Mobile data` ओळ आणि बोलायच्या सिमच्या पॅकची मुदत पाहा. अण्णांच्या तिसऱ्या वेळी दोष मुदतीत निघाला. पॅक आदल्या रात्री संपला होता आणि कॉलचे पैसे मेन बॅलन्समधून जात होते. सेटिंग सगळं जिथल्या तिथे होतं.

दोन सिमचे दोन पॅक वेगवेगळ्या तारखांना संपतात हे डोक्यात राहत नाही. त्यांनी आता दोन्ही तारखा मागांच्या खोलीतल्या कॅलेंडरवर पेनने गोल करून ठेवल्या आहेत. नेटच्या सिमवरही मेन बॅलन्स निदान वीस रुपये ठेवतात. सलग ९० दिवस सिम काहीच वापरलं नाही आणि बॅलन्स वीसच्या खाली असेल, तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. वीस किंवा जास्त असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. नेट रोज चालू असताना ही वेळ येत नाही, पण मागांना दिवाळीची सुट्टी लागली आणि फोन कपाटात राहिला तर पॅकच्या तारखा तेवढ्यात निघून जातात.